पेटी भरेल शे

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते माझ्या फुईचे. फुई म्हणजे आत्या, वडिलांची थोरली बहीण. आमच्या धानोऱ्यात दहावीच्या पुढे शिकलेलं माझ्या घरात कोणी नव्हतं. दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात फुई ब्राह्मणपुरीहून आली, माझे दोन शर्ट पिशवीत घातले आणि वडिलांना म्हणाली, "ह्या पोऱ्या मन्हाकडे ऱ्हाई." वडील काही बोलले नाहीत. ती त्यांच्यापेक्षा मोठी होती, आणि आमच्याकडे मोठ्या बहिणीपुढे कोणी बोलत नाही.

पाच वर्षं मी तिच्याकडे राहिलो आणि शहाद्याच्या कॉलेजात एसटीने जाऊन येऊन बी. ए. झालो. फुईला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती दिराच्या घरात मागच्या बाजूच्या एका खोलीत राहायची आणि शेतातली, घरातली सगळी कामं करायची. भाच्याला आणून ठेवल्याबद्दल तिला काय काय ऐकावं लागलं हे मला तेव्हा अर्धंच कळत होतं. उरलेलं अर्धं मी कळून घेतलं नाही, असं आता म्हणावं लागेल.

त्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती, निळ्या रंगाची. फुईच्या लग्नात माझ्या आजोबांनी दिलेली. तिची कडी कधीच तुटली होती. म्हणून फुईने तिला एक लाल नाडी बांधली होती, कुलपाच्या जागी. मी तिथे गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात उंदरांनी माझी दोन पुस्तकं कुरतडली. दुसऱ्या दिवशी फुईने पेटीतली लुगडी काढून दोरीवर टाकली आणि पेटी माझ्या पुस्तकांना दिली. पुढची पाच वर्षं पेटीच्या आत माझी पुस्तकं होती, आणि झाकणावर वही ठेवून मी लिहीत होतो. माझ्याकडे टेबल नव्हतं, ती पेटी होती.

वर्षातून एकदाच पेटी पुन्हा तिची व्हायची. आखाजीला. आखाजी हा आमच्या खानदेशातला लेकी-बहिणींचा सण. सासरी असलेली बाई माहेरी येते, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसते, गाणी म्हणते, आमरस खाते, चार दिवस तिला कोणी काम सांगत नाही. पण ती आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला की सासरच्यांसमोर बाईची मान ताठ होते. फुईसाठी दरवर्षी माझे वडील जायचे. आदल्या रात्री ती माझी पुस्तकं काढून एका फडक्यावर रचून ठेवायची. मग पेटीत दोन लुगडी, माझ्या आईसाठी ब्लाऊजपीस आणि स्वतः केलेल्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, असं भरून नाडी बांधायची.

मी बी. ए. झालो त्याच वर्षी वडिलांचे गुडघे गेले आणि मुऱ्हाळी म्हणून मला पाठवलं. त्या दिवसाबद्दल मी पुढे सांगणार आहे. आधी गाण्याचं सांगतो.

मी नंदुरबारला एका खाजगी शिकवणीत मराठी शिकवतो आणि अहिराणी गाणी लिहितो. आमच्या भागात लग्नाच्या वरातीत, हळदीत, मोबाइलवर जी नाचायची अहिराणी गाणी वाजतात, ती कोणीतरी लिहितंच. त्यातली थोडी माझी आहेत. स्टुडिओ म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या दोन खोल्या. एका खोलीत कॉम्प्युटर आणि की-बोर्ड, दुसरीत भिंतींना फोम लावलेला आणि मध्ये माइक. चालवणाऱ्याला सगळे दादा म्हणतात. दादा पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवायचा. लोक कुठल्या ओळीला नाचायचे थांबतात आणि पाणी प्यायला जातात, हे त्याने पंधरा वर्षं वरातीच्या गाडीवरून पाहिलेलं. त्यामुळे गाण्याबद्दल त्याचं म्हणणं मी मुकाट्याने ऐकतो.

मी पहिल्यांदा लिहून नेलेलं ध्रुपद चार ओळींचं होतं. त्यात मन होतं, आठवण होती, झुरणं होतं. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. दादाने वाचलं आणि वही परत दिली.

"मास्तर, हाई गानं नही, निबंध शे."

"का? यमक आहे की."

"यमक शे. पन लोके निबंधवर नाचतस का?"

मग त्याने की-बोर्डवर नुसता ठेका लावला आणि मला म्हणाला, ह्याच्यावर म्हणून दाखव. मी म्हणायला लागलो आणि दुसऱ्या ओळीला माझाच श्वास संपला. दादा हसला नाही. त्याने बोटं उचलून मोजून दाखवलं. आठ मात्रा. ध्रुपदातला जो तुकडा लोकांच्या तोंडी बसायला हवा, तो ह्या आठ मात्रांत यायला हवा. आणि आठही भरायच्या नाहीत. नाचणाऱ्याला टाळी वाजवायला जागा सोडायची. एका श्वासात संपला पाहिजे. शेवटचा शब्द असा हवा की तोंड उघडं राहील, म्हणजे लांबवता येतो. आणि दुसऱ्यांदा कानावर आला की तिसऱ्यांदा माणसाने आपणहून म्हणावा.

हे मला लवकर जमायला लागलं. छोटं करणं अवघड नसतं. मी "गोरी गोरी ये ना" लिहिलं, "नजर लागनी" लिहिलं. दादाने ती गाणी केली आणि ती महिन्याभरात विरून गेली. एकदा तो वैतागून म्हणाला, "मास्तर, हाई ओळ तुन्ही शे का मन्ही, का त्या पानवालानी, काय समजस? कोन्हीबी म्हनी शकस. पब्लिकले घर लई जावाले काहीतरी वस्तू पायजे."

वस्तू, हा त्याचा शब्द. म्हणजे ओळीत डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी, दुसऱ्या कोणाच्या ओळीत नसलेलं. तीन-चार शब्द, पुन्हा पुन्हा म्हणता येतील असे, आणि तरी त्यांत एक विशिष्ट माणूस, विशिष्ट वेळ हवी. दोन गोष्टी एकमेकींना खेचतात. ओळ छोटी केली की ती कोणाचीही होते. खास केली की लांबते. मी दोन महिने ह्याच खेचाखेचीत होतो. शिकवणीत पोरांना व्याकरण शिकवताना फळ्याच्या कोपऱ्यात मात्रा मोजत होतो.

आणि मग मला फुईची ओळ आठवली.

आता त्या दिवसाचं सांगतो. आखाजीच्या आदल्या दिवशी मी धानोऱ्याहून सकाळी निघालो. नंदुरबारच्या स्टँडवर कॉलेजचा एक मित्र भेटला. म्हणाला, जवळच एका स्टुडिओत गाणं रेकॉर्ड होतंय, अर्धा तास ऐकून जा. मी कधी रेकॉर्डिंग पाहिलं नव्हतं. गेलो. दादाला मी पहिल्यांदा तिथे पाहिलं, त्याला ते आठवत नाही. एक बाई काचेपलीकडे एकच ओळ वीस वेळा म्हणत होती आणि दादा प्रत्येक वेळी काहीतरी बारीक बदलायला सांगत होता. मी कोपऱ्यात उभा राहिलो. दुपारची गाडी गेली, मला ते माहीत होतं. तिसरा प्रहर झाला, तेही माहीत होतं. उद्या सकाळी निघालं तरी चालेल, फुई काय, आपलीच आहे, असं मी मनात म्हटलं.

ब्राह्मणपुरीला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. फुई ओट्यावर बसलेली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, शेजारी निळी पेटी, तिच्यावर लाल नाडीची गाठ. आत तिच्या खोलीतली चूल सकाळीच विझवलेली, कारण दुपारी ती निघून जाणार होती. दिराच्या घरातल्यांची जेवणं झालेली. तिला कोणी ताट वाढलं नसावं, किंवा तिने घेतलं नसावं. मी म्हणालो, "प्रकाशा गावाजवळच्या पुलावर गाडी बंद पडली." तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं सांगितलं, "सकायपाईन पेटी भरेल शे."

सकाळपासून पेटी भरलेली आहे. एवढंच. मग उठून तिने चूल पुन्हा पेटवली आणि मला भाकरी टाकली.

ती ओळ माझ्या डोक्यातून कधी गेलीच नाही. तिच्यात सगळं होतं. एक वस्तू होती, एक बाई होती, दिवसभराची वाट होती, आणि न आलेला माणूस होता. दादाकडे मी ती पूर्ण घेऊन गेलो, "सकायपाईन मन्ही पेटी भरेल शे." दादाने ठेका लावला. ओळ आठ मात्रांच्या बाहेर सांडत होती. मी "मन्ही" काढलं. पेटी भरलेली आहे म्हणणारी स्वतःच्याच पेटीबद्दल बोलणार, ते सांगायला नको. मग "सकायपाईन" काढावं लागलं, तेव्हा वाईट वाटलं. दादा म्हणाला, "ते कडव्यात घाल, ध्रुपदात नको. सकायनं कडवं, पेटीनं ध्रुपद." उरले तीन शब्द.

पेटी, दोन मात्रा. भरेल, दोन मात्रा. शे पाचव्या मात्रेवर पडतो आणि लांबतो. पुढच्या तीन मात्रा रिकाम्या, तीन टाळ्या. पेटी भरेल शे, टक टक टक. दादाने खुर्ची मागे सारली.

"बॅग कर," तो म्हणाला. "आते कोनी पोर पेटी लई जास?"

"नाही. बॅग कोणाचीही असते." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी वाद घातला. "आणि पेटी म्हणून बघ. प आणि ट दोन्ही ठेक्यावर आपटतात. बॅग घरंगळते."

त्याने दोन्ही म्हणून पाहिलं आणि मान डोलावली. ध्रुपद चार वेळा म्हणायचं ठरलं. पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा हाक, चौथ्यांदा पुन्हा तेच. तिसऱ्या जागी मी लिहिलं होतं, "भाऊ, ये ना." आखाजीचं गाणं होतं ते. बहीण भावाची वाट पाहते.

मग दादा पुढे झेरॉक्सच्या दुकानात गेला. दुकान एक ताई चालवतात. नवं ध्रुपद तयार झालं की ते त्यांच्या कानावर घालायचं, त्यांचं काम चालू असताना, आणि काही विचारायचं नाही, ही दादाची परीक्षा. त्याने मोबाइलवर दोनदा वाजवलं आणि परत आला. आम्ही दाराआड उभे राहिलो. ताई कोणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होत्या. मशीनच्या आवाजात त्या गुणगुणल्या, पेटी भरेल शे, आणि हाताने काचेवर तीन टिचक्या मारल्या. मग मागे वळून मोठ्याने विचारलं, "काय हो दादा, कोठे जाई ऱ्हायनी ती?"

दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "झायं. तीन शब्दमा बाईनी इचारं, कोठे चालनी. आते हाई गानं कोन्ही अर्धं सोडत नही."

मी फार आनंदात होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "पन मास्तर, आखाजीनं गानं आठ दिन वाजस. लगीनसराईनं चार महिना. भाऊनी जागवर राजा टाक."

एका शब्दाचा बदल. मात्रा त्याच. भाऊ, ये ना. राजा, ये ना. ठेक्याला काही फरक पडत नव्हता. मी विचार केला तो बदल करावा की नाही ह्याचा नव्हता, होकार कसा द्यायचा ह्याचा होता. बाकी सगळं तेच राहिलं. फक्त आता एक पोरगी घरच्यांच्या नकळत पळून जायला तयार बसली होती आणि तिचा राजा मोटारसायकलवर येत होता. कडव्यात वस्तू हवी म्हणून मी लिहिलं, "निळी पेटी, लाल नाडी." दादा खूश झाला. मीही. इतकी नेमकी ओळ मी आधी लिहिली नव्हती.

गाणं चाललं. किती चाललं हे मी सांगत नाही. नंदुरबारात एका लग्नाच्या वरातीत मी स्वतः त्यावर नाचलो, आणि तीन टाळ्यांच्या जागी शंभर माणसांनी एकदम टाळ्या वाजवल्या. शेजारच्या माणसाला मी सांगितलं, हे मी लिहिलंय. फुईला सांगितलं नाही. तिच्याकडे साधा मोबाइल आहे, तिच्यापर्यंत ते जाणार नाही असं मी धरून चाललो. गाणं असं बांधायचं की ते सगळ्यांच्या तोंडी जावं, ह्यासाठी दोन महिने खपलेला माणूस मी, आणि ते एका गावात जाणार नाही असं मानत होतो.

ह्या वर्षी आखाजीच्या महिनाभर आधी आईचा फोन आला. "फुई म्हनस, औंदा येत नही."

"का?"

"तुलेच माहीत व्हई," आई म्हणाली आणि फोन ठेवला. धानोऱ्यातही गाणं पोहोचलं होतं. निळी पेटी कोणाची, हे माझ्या आईपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार.

मी रविवारी ब्राह्मणपुरीला गेलो. ओट्यावर फुईची जाऊ तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून हसली. "उना का गानावाला! तुन्ही फुईले इचार, कोनासंगे चालनी ती." आतून दोन पोरं ओरडली, "पेटी भरेल शे!" आणि तीन टाळ्या. अगदी बरोबर जागेवर.

फुई मागच्या खोलीत होती. मी बसलो. तिने पाणी दिलं. शिकवणीची, आईच्या तब्येतीची चौकशी केली. मग थोडंथोडं कळलं. गल्लीतल्या एका लग्नात डीजेवर गाणं लागलं, आणि निळी पेटी, लाल नाडी म्हटल्याबरोबर कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवलं. बायकांनी तिला ओढून मध्ये नेलं. बासष्ट वर्षांची बाई, पांढरे केस, तिच्याभोवती फेर धरून सगळे म्हणत होते, राजा, ये ना. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण तेव्हापासून ती नळावर गेली, दुकानात गेली, शेतात निंदायला गेली, की कोणीतरी विचारतं, पेटी भरली का? पेटी घेऊन एसटी स्टँडपर्यंत चालत जायचं म्हणजे सगळी गल्ली ओलांडायची. वर्षातून एकदा ती ह्या घरातून मान ताठ करून बाहेर पडायची, त्याचं मी हसं केलं होतं.

"पेटी कोठे शे?" मी विचारलं.

तिने कोपऱ्याकडे हात केला. झाकण उघडं होतं. आत पेंढा घालून त्यावर तिने कोंबडी बसवली होती, अंडी उबवायला. नाडी कुठे दिसली नाही.

"आते बी भरेल शे," फुई म्हणाली. "बारा अंडा शेतस."

ती हसली. मला हसता आलं नाही. मी म्हणालो, दादाला सांगून गाणं काढून टाकायला लावतो. ती म्हणाली, "काढीसन काय व्हई? पोरेसना तोंडमाईन काढशी का?" तोंडातून निघू नये असंच ते बांधलं होतं.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "त्या गानामा, तो येस का मंग?"

"कोण?"

"जेले ती बलावस, तो."

"हो. शेवटच्या कडव्यात येतो. मोटारसायकलवर."

"मंग खोटं शे ते," ती म्हणाली आणि कोंबडीला पाणी ठेवायला उठली. पाठ माझ्याकडे होती. तशीच म्हणाली, "तू तव्हय काबर नही उना?"

तेव्हा वेळेवर का आलो नाही, हे तिने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी पुन्हा पुलाचं आणि बंद गाडीचं सांगायला तोंड उघडलं. ती वळली. "ते दिन दुपारनी गाडीवर कंडक्टर आम्हनी गल्लीना व्हता," ती म्हणाली. "गाडी बंद नही पडनी." मग तिने सांगितलं की त्या आखाजीला तिची लहानपणची मैत्रीण सोनगडहून धानोऱ्याला आली होती, अकरा वर्षांनी. एका दिवसासाठी. आदल्या संध्याकाळी दोघी झोक्यावर बसणार होत्या. आम्ही दुसऱ्या दिवशी धानोऱ्याला पोहोचलो त्याच्या तासभर आधी मैत्रीण गाडीत बसली होती. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती वारली.

फुईने हे रडून सांगितलं नाही. मी काही बोलेन म्हणून ती थोडा वेळ थांबली. बाहेर जाऊ तांदूळ पाखडत होती, पोरं दाराशी होती. मी पेटीतल्या कोंबडीकडे बघत राहिलो. "गाडी चुकी जाई तुन्ही," ती म्हणाली, आणि मी उठलो.

नंदुरबारला परतल्यावर दादाला सगळं सांगितलं. मग त्याने निळ्या पेटीचं कडवं काढून गाणं पुन्हा नेटवर टाकलं. जुनं प्रत्येक डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये आहे, ते तिथेच राहणार. "मास्तर, मी तुले म्हनं व्हतं वस्तू आन," तो म्हणाला. "कोनानी वस्तू, ते तू इचाराले पायजे व्हतं." ते खरं होतं. शब्द पारखून घ्यायला मी शिकलो होतो. ज्याचे आहेत त्याला विचारायला शिकलो नव्हतो.

फोनवर हे बोलता येण्यासारखं नव्हतं. त्या घरात फुईचा फोन स्पीकरवर लावून सगळे ऐकतात. तिला वाचता येतं. चौथीपर्यंत ती शाळेत गेलेली, आणि मी कॉलेजात असताना पेटीतली माझी पुस्तकं उचलून ती अक्षर अक्षर लावून वाचायची. बोलते अहिराणी, पण तिच्या मते "कागद मराठीमाच लिखतस." म्हणून पत्र मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि पोस्टात टाकलं. ते असं.

ती. गं. भा. न लिहिता नुसतंच फुईस,

साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी गाडी बंद पडली नव्हती. मी नंदुरबारला एका स्टुडिओत गाणं ऐकत उभा होतो. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत. तू वाट पाहत असशील हे मला माहीत होतं. तरी मी निघालो नाही. मग मी खोटं बोललो. तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तू मला भाकरी केलीस.

तुझी मैत्रीण माझ्यामुळे भेटली नाही. हे मला परत देता येणार नाही.

तू मला जे म्हणालीस ते मी गाण्यात घातलं. तुला विचारलं नाही. त्यात आधी भाऊ होता, मी त्याचा राजा केला. ते लोकांना आवडेल म्हणून केलं. गाणं आता माझ्या हातात नाही. पोरांच्या तोंडून काढता येत नाही, तू म्हणालीस ते बरोबर आहे. तुला त्रास झाला तो मी दिला, दुसऱ्या कोणी नाही. जाऊबाईंना रागावू नकोस.

पेटीवर मी पाच वर्षं लिहिलं. तिच्यावर माझी शाई सांडलेली आहे, डाव्या कोपऱ्यात, तुला माहीत आहे. तिच्याबद्दल असं लिहायला नको होतं.

अंडी बसवल्याचा दिवस मी आईला विचारून घेतला. एकवीस दिवस आखाजीच्या चार दिवस आधी पूर्ण होतात. पिल्लं निघाली की पेटी मोकळी होईल. मी नवी नाडी आणतो, तुला हवा तो रंग सांग. नको असेल तर पिशवीत कपडे घे, किंवा काहीच घेऊ नको. यायचं नसेल तरी मी येणार आहे. पेटी मी उचलीन आणि स्टँडपर्यंत गल्लीच्या मधून चालीन. कोणी काही म्हटलं तर मला म्हणू दे.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहिल्या गाडीने येतो. वाटेत कुठे उतरणार नाही.

मी येईपर्यंत पेटी भरू नकोस. चूल विझवू नकोस. मी ओट्यावर बसतो. तू सावकाश भर.

तुझा भाचा